मांजराच्या पोटातले वाटसरू

मांजरांच्या जुलाबावर ज्या जिवाणूची चाचणी बऱ्यापैकी काटेकोर झाली आहे, तो मुळात मांजराचा नाहीच. अंगावर पिणाऱ्या एका निरोगी बाळाच्या, म्हणजे माणसाच्या बाळाच्या, शीतून तो वेगळा काढला गेला. एंटरोकॉकस फेसियम ही त्याची जात आणि एसएफ-६८ हा त्याचा वाण. बाळाच्या आतड्यातला हा वाण वाढवायचा, सुकवायचा, पुडीत भरायचा आणि मांजराच्या जेवणावर भुरभुरायचा. त्याने मांजराची शी घट्ट होते, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण होते, निदान काही मांजरांची तरी.

आधी ती बिघडते कशी ते पाहू. भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात मुख्य गर्दी गाई-बैलांची आणि शेळ्यांची. मधूनच कुणीतरी भाजीच्या पिशवीत घालून बोका आणतं. दुसऱ्या बोक्याशी मारामारी झालेली असते, चावलेल्या जागी गळू झालेलं असतं. डॉक्टर गळू फोडून साफ करतात आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेटसारखं अँटिबायोटिक देतात. दोन-तीन दिवसांत जखम सुकायला लागते आणि बोक्याची शी मात्र पातळ होते.

औषधाला जखमेतले जंतू आणि आतड्यातले जंतू यांत फरक करता येत नाही. आतड्यात क्लॉस्ट्रिडियम हिरानोनिस नावाचा एक जिवाणू असतो. यकृतातून येणाऱ्या पित्तातल्या आम्लांचं रूप बदलण्याचं काम तो करतो. अँटिबायोटिकने तो मेला, की न बदललेली पित्ताम्लं मोठ्या आतड्यात साचतात, तिथे पाणी ओढून घेतात आणि जुलाब होतात. एवढ्याशा जनावरात एका जिवाणूवर इतकं अवलंबून असावं, याचं मला अजून नवल वाटतं.

मग पुडीतला जिवाणू ही जागा भरून काढतो का? नाही. एसएफ-६८ला पित्ताम्लं बदलताच येत नाहीत. तो आतड्यात घरही करत नाही. पुडी बंद केली, की थोड्या दिवसांत तो शीतून दिसेनासा होतो. तो वाटसरू आहे. जाता जाता आम्ल तयार करतो, घातक जंतूंना जागा आणि अन्न मिळू देत नाही, आतड्याच्या अस्तरातल्या प्रतिकारपेशींना थोडं जागं ठेवतो. ‘पोटातले चांगले जंतू पुन्हा वसवतो’ असं पाकिटावर लिहिलेलं असतं, ते विसरून जावं.

गुरांचे डॉक्टर यापेक्षा मोठं काम कधीपासून करत आले आहेत. गाईचं रवंथ बंद पडलं, की निरोगी जनावराच्या पोटातलं पाणी काढून तिला पाजतात. त्यातून अख्खी वस्तीच जाते, नाना जातींचे जिवाणू आणि सूक्ष्मजीव. पुडीतून जाते ती एखादी जात, फार तर सात-आठ.

आता पुरावा. २०११ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या एका निवाऱ्यात केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. निवारा म्हणजे बेवारस कुत्र्या-मांजरांना ठेवण्याची जागा. अनोळखी पिंजरा, कुत्र्यांचं भुंकणं, रोज नवी माणसं, त्यामुळे मांजराला ताण असतोच. ताणाने आतड्याची हालचाल बदलते आणि शी बिघडते. तिथे मांजरांच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत जेवणावर एसएफ-६८ आणि दुसरीत तशीच दिसणारी, पण जिवाणू नसलेली पूड. चार आठवड्यांनी एक आठवडा काहीच द्यायचं नाही आणि मग खोल्यांची अदलाबदल. एखादी खोलीच जास्त गोंगाटाची किंवा घाण असली, तर तिचा दोष दोन्ही बाजूंना सारखा वाटला जावा, म्हणून ही खबरदारी. शी पाहून गुण देणाऱ्यांना कोणत्या खोलीत काय चाललंय हे माहीत नव्हतं.

एकूण २१७ मांजरं होती. दोन किंवा जास्त दिवस जुलाब झालेली मांजरं साध्या पुडीच्या गटात २०.७ टक्के निघाली आणि जिवाणूच्या गटात ७.४ टक्के. हे आकडे शंभर मांजरांवर मांडून पाहा. सुमारे ७९ मांजरांना पुडी न देताही असे जुलाब झाले नसते. सुमारे ७ मांजरांना पुडी देऊनही झाले असते. फायदा मिळाला तो मधल्या १३ जणींना. निवाऱ्याच्या व्यवस्थापकासाठी ही मोठी गोष्ट आहे. घरातल्या एकट्या मनीच्या मालकाला मात्र ती त्या १३ मधली होती की ७९ मधली, हे कधीच कळणार नाही. आपली मनी पुडीने बरी झाली असं सांगणारे खोटं बोलत नसतात, पण बहुतेक मनी तशाही बऱ्याच राहिल्या असत्या. त्याच निवाऱ्यातल्या कुत्र्यांमध्ये असा फरक दिसला नाही. त्यांच्यात मुळात जुलाबच फार थोड्यांना झाले होते.

अँटिबायोटिकच्या बाबतीत पुरावा आणखी तुटपुंजा आहे. २७ निरोगी मांजरांना सात दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट देऊन पाहिलं, तेव्हा एसएफ-६८ मिळालेल्यांचे जुलाब एकंदरीत सौम्य राहिले. ही मात्रा साधी आणि मुदत कमी, म्हणजे आपल्या बोक्याच्या गळवासारखंच प्रकरण. दुसऱ्या एका प्रयोगात १६ मांजरांना २१ दिवस क्लिंडामायसिन दिलं. निम्म्यांना बरोबर अनेक जिवाणूंची मिश्र पुडी, निम्म्यांना नुसती पूड. अर्ध्याहून जास्त मांजरांना जुलाब झाले आणि दोन गटांत लक्षणांचा म्हणावा असा फरक आढळला नाही. चकित करणारी गोष्ट पुढे आहे. सुमारे ६०० दिवसांनी त्याच मांजरांची शी पुन्हा तपासली, तेव्हाही त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची घडी पूर्वीसारखी झालेली नव्हती. तीन आठवड्यांचं औषध आणि दीड वर्षाहून जास्त टिकलेली खूण! मांजरं मात्र दिसायला ठणठणीत. त्या खुणेने पुढे त्यांचं काही बिघडतं का, हा प्रश्न तसाच उरतो.

एसएफ-६८ वरच्या बऱ्याच चाचण्यांना ती पुडी विकणाऱ्या कंपनीचाच आधार आहे. त्यामुळे निकाल खोटे ठरत नाहीत, पण मी ते थोडे हात राखूनच वाचतो.

तरी द्यायचंच असेल, तर पुडी अँटिबायोटिकबरोबर एकाच घासात देऊ नये, दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. औषध चालू आहे तेवढे दिवस आणि पुढे आठवडाभर देणं पुरे. पाकिटावर नुसतं जातीचं नाव न पाहता वाण पाहावा, जिवंत जिवाणूंची संख्या आणि वापरण्याची शेवटची तारीख पाहावी. कॅनडातल्या एका तपासणीत २५ पाकिटांपैकी लेबलही बरोबर आणि आतला ऐवजही पुरेसा अशी फक्त २ निघाली होती. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पाकीट पत्र्याखालच्या दुकानात महिनाभर पडून असलं, तर त्यातलं किती जिवंत उरलं असेल याचा अंदाज बांधा.

मेडिकलमध्ये मुलांसाठी मिळणाऱ्या बॅसिलस क्लॉसीच्या बाटल्या लोक मांजरालाही पाजतात. त्यातले बीजाणू टिकाऊ असतात, पण मांजराच्या जुलाबावर त्यांचा भरवशाचा पुरावा नाही. घरच्या दह्याचंही तेच. विरजणातले जिवाणू दूध आंबवण्यात तरबेज, मांजराच्या आतड्यात टिकण्याची त्यांची ख्याती नाही. चमचाभर चाटलं तर बहुधा बिघडत नाही, पण त्याला उपचार समजू नये. जुलाब थांबावेत म्हणून माणसांच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नका. पॅरासिटामॉलची तर एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

जुलाब सौम्य असले, मांजर खात-पीत असलं, तर दोन दिवस वाट पाहता येते. शीत रक्त दिसलं, उलट्या होत राहिल्या, पिल्लू असलं, किंवा मांजराने दिवसभर तोंडाला अन्न लावलं नाही, तर पुडीत वेळ घालवू नये. लठ्ठ मांजर थोडे दिवस उपाशी राहिलं, तरी अंगातली चरबी यकृतात साचून यकृतच निकामी व्हायला लागतं. डॉक्टरांना फोन करताना अँटिबायोटिकचं नाव, किती दिवस झाले आणि दिवसातून कितीदा शी होते, हे सांगा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध अर्ध्यावर सोडू नका, गळू अजून आतून भरून आलेलं नसतं.