जर्मन समासाचा विग्रह

आठवीत किंवा अकरावीत ‘संस्कृत की जर्मन’ असा प्रश्न आला, की पाठांतर टळेल या आशेने पुष्कळ मुलं जर्मन घेतात. वर्षभरात त्यांच्या लक्षात येतं, की समासाने काही पाठ सोडलेली नाही. जर्मन माणूस दोन-तीन नामं सहज एकाला एक चिकटवतो, मध्ये जागा सोडत नाही, आणि तयार झालेला शब्द कुठल्याच शब्दकोशात नसला तरी तो बरोबरच धरला जातो. त्यामुळे उताऱ्यात असा शब्द आला, की कोश उघडण्याआधी तो फोडावा लागतो.

फोडताना नजर आधी शेवटाकडे न्यायची. शब्दाचा धनी शेवटचा घटक असतो. आधीचे सगळे त्याचं वर्णन करतात. हाउस म्हणजे घर, ट्यूर म्हणजे दार, श्ल्युसेल म्हणजे किल्ली. हे तिन्ही जोडून झालेला ‘हाउसट्यूरश्ल्युसेल’ ही एक किल्लीच आहे: घराच्या दाराची. लिंगही धनीच ठरवतो. घर नपुंसकलिंगी, दार स्त्रीलिंगी, किल्ली पुल्लिंगी. म्हणून अख्खा शब्द पुल्लिंगी आणि त्याला ‘डेअर’ हे उपपद. अनेकवचनही शेवटच्या घटकाचंच होतं. म्हणजे दहा घटकांचा शब्द आला तरी कोशात आधी शोधायचा तो फक्त शेवटचा. एवढं कळलं, तर ‘ही कसलीतरी किल्ली आहे’ इतका अर्थ हाती लागतो, आणि कित्येकदा उतारा समजायला तेवढाही पुरतो.

आता जरा मोठा घास. जर्मनीच्या ईशान्येला मेकलेनबुर्ग-फोरपोमर्न नावाचं राज्य आहे. ‘मॅड काऊ’ रोगाची धास्ती होती त्या काळात, १९९९ साली, तिथे एक कायदा झाला. त्याच्या नावातला एक शब्द ६३ अक्षरांचा होता: रिन्टफ्लाइशएटिकेटीरुंग्सयूबरवाखुंग्सआउफगाबनयूबरट्रागुंग्सगेझेट्स. कायदा २०१३ साली रद्द झाला, पण शब्द वर्गावर्गांतून अजून नांदतो आहे.

शेवटी आहे ‘गेझेट्स’, म्हणजे कायदा. धनी सापडला. मग डोळे शब्दभर फिरवले की एक गोष्ट तीन ठिकाणी दिसते: ‘उंग’ आणि त्याला चिकटलेला ‘स’. हा स शब्दाचा नाही, सांध्याचा आहे. उंग, हाइट, काइट, शाफ्ट अशा प्रत्ययांनी संपणारं नाम समासात पुढे आलं, की त्याच्यामागे हा स जवळजवळ हमखास येतो. तेव्हा ‘उंग्स’ दिसलं, की तिथे बिनधास्त रेघ मारावी. एटिकेटीरुंग म्हणजे लेबल लावणं, यूबरवाखुंग म्हणजे देखरेख, यूबरट्रागुंग म्हणजे सोपवणं. उरलं आउफगाबन, मूळ शब्द आउफगाबं, म्हणजे काम, आणि इथे सांधा ‘न’चा. अगदी सुरुवातीला रिन्ट म्हणजे गाय-बैल आणि फ्लाइश म्हणजे मांस. या दोघांत सांध्याचं अक्षर नाहीच, आणि फ्लाइशनंतरही नाही. अशा जागी रेघ कुठे मारायची हे शब्दसंग्रहच सांगतो, नियम सांगत नाही.

तुकडे हाती आले, आता विग्रह. गोमांसावर लेबल लावण्यावरच्या देखरेखीची कामं सोपवण्याचा कायदा. क्रम पाहा, जसाच्या तसा राहिला. मराठीतही वर्णन आधी आणि धनी शेवटी येतो, म्हणून आपल्याला नुसते ‘चा-ची-चे’ आणि ‘वरचा’ पेरत डावीकडून उजवीकडे जायचं असतं. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला ‘ऑफ’ लावत शब्द उलटा उलगडावा लागतो. आपल्याकडची मुलंही बहुधा इंग्रजीच्याच वाटेने जर्मन समजून घेतात आणि हा फुकटचा फायदा वाया घालवतात, याचं मला नवल वाटतं.

त्या सांध्याच्या स बद्दल एक इशारा. जर्मन षष्ठीत पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांना स लागतो, म्हणून हा स षष्ठीचाच असं वाटू शकतं. पण उंगवाली नामं स्त्रीलिंगी आहेत आणि स्त्रीलिंगाला षष्ठीत स लागत नाही. ‘न’चंही तसंच: तो अनेकवचनासारखा दिसतो, पण झोननशाइन म्हणजे ऊन, आणि त्यातला सूर्य एकच असतो. सांधा कुठे आहे एवढंच ही अक्षरं सांगतात. दोन घटकांचं नातं काय, ते सांगत नाहीत.

आणि खरी अडचण नात्याचीच आहे. झाफ्ट म्हणजे रस. आप्फेलझाफ्ट हा सफरचंदांपासून काढलेला रस, आणि हुस्टनझाफ्ट? हुस्टन म्हणजे खोकला. हे खोकल्यावरचं पातळ औषध. खाणावळीच्या मेन्यूत श्वाइनेश्निट्सल असतं, ते डुकराच्या मांसाचं. त्याखालीच किंडरश्निट्सल असतं, ते मुलांसाठीचं लहान. किंडर म्हणजे मुलं, हे कळल्यावर पहिल्या ओळीच्या चालीने दुसरी लावणारा विद्यार्थी क्षणभर हादरतो. शब्दाची बांधणी दोन्हीकडे एकच आहे. ‘पासून’ की ‘साठी’ की ‘वर’ हे जगाच्या माहितीवरून ठरवायचं. म्हणून विग्रह करताना नुसता ‘चा’ लावून थांबू नये. ‘खोकल्याचं औषध’ मराठीत चालतं, पण त्यातला ‘चं’ काय करतो आहे हे मनाशी स्पष्ट हवं.

कधीकधी रेघच चुकीच्या जागी पडते. रोमन लिपीत अक्षर न अक्षर एकच असलेला एक शब्द आहे, जो दोन प्रकारे फुटतो. ‘वाख-श्टूबं’ असा फोडला तर पहारेकऱ्यांची खोली. ‘वाक्स-टूबं’ असा फोडला तर मेणाची ट्यूब. देवनागरीत लिहिल्याबरोबर घोटाळा संपतो, कारण दोन्हींचे उच्चार वेगळे आहेत. कानाला न येणारा संशय कागदावर येतो तो असा. वाक्यात शिपाई आहेत की डबी-बाटली, ते पाहून निकाल लावायचा. फोड बरोबर आहे की नाही याची एक साधी खूण आहे: प्रत्येक तुकडा स्वतंत्र शब्द हवा, आणि एकही अक्षर उरता कामा नये. उरलंच, तर ते सांध्याचं असायला हवं. वरच्या शब्दाच्या दोन्ही फोडी मात्र या कसोटीला उतरतात, म्हणून संदर्भावाचून सुटका नाही.

तुकडे बरोबर असूनही अर्थ बाहेर राहतो, असेही शब्द आहेत. डिककोप्फ म्हणजे शब्दशः ‘जाड डोकं’. पण ते डोकं नव्हे, तसं डोकं असलेला माणूस, म्हणजे हट्टी. लांगफिंगर, ‘लांब बोट’, म्हणजे चोर. मराठी व्याकरणात याला बहुव्रीही म्हणतात, आणि गंमत अशी की जर्मन व्याकरणकारही ‘बहुव्रीही’च म्हणतात, संस्कृतचा अभ्यास तिकडे रुजला तेव्हा ही संज्ञा त्यांनी जशीच्या तशी घेतली. इथे धनी शब्दाच्या बाहेर असतो, पण लिंग मात्र अजूनही शेवटचा घटकच देतो. कोप्फ पुल्लिंगी, म्हणून हट्टी बाईलाही ‘डेअर डिककोप्फ’.

शेवटी एक वर्ग असा, की जो फोडूच नये. हेंगेमाटं म्हणजे झाडांना बांधायचा झोपाळा. ‘हेंगन’ म्हणजे टांगणं, ‘माटं’ म्हणजे चटई. टांगलेली चटई, किती चपखल! पण हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा आहे. स्पॅनिश खलाशांनी तो ‘हामाका’ म्हणून युरोपात आणला, आणि पुढे डच आणि जर्मन लोकांनी त्या अनोळखी ध्वनीला आपल्या ओळखीच्या ‘टांगणे’ आणि ‘चटई’चं रूप दिलं. परीक्षेत त्याची फोड करून अर्थ सांगितला तर गुण मिळतील. व्युत्पत्ती विचारली तर तीच फोड चुकीची ठरेल.