लाल कॅन दिसला की इंजिन बंद

पुण्यातल्या एका टॅक्सी ताफ्याचे व्यवस्थापक नव्या चालकांना दोन पानी पत्र देतात. त्यात रंगांचा नियम आधी येतो: पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासून घ्या, लाल म्हणजे सुरक्षित जागी थांबा.

सर्वाधिक जागा मात्र थेंब गळणाऱ्या तेलाच्या लाल कॅनला दिली आहे, आणि ते योग्यच आहे. अनेकांना वाटतं, हा दिवा ऑइल कमी झाल्याचं सांगतो. खरं तर तो ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो. दाब नसेल तर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवरचा ऑइलचा थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होऊ शकतं. ‘पुढच्या पंपापर्यंत नेतो’ हा विचार इथेच महागात पडतो.

समजा, घाटातल्या वळणावर दिवा क्षणभर लुकलुकला. ऑइल कमी असेल तर ते एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. गाडी सपाट जागी लावून इंजिन बंद करावं, दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहावी. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर योग्य ऑइल भरावं. पातळी ठीक असूनही दिवा जळत राहिला, तर दोष पंपात किंवा सेन्सरमध्ये असू शकतो. तेव्हा टोइंगच बोलवावं.

चावी फिरवताच हा दिवा लागायलाच हवा. लागला नाही, तर इशारा देणारी यंत्रणाच बिघडली आहे.