साहेब सीसीमध्ये

‘बुशचे ५० बॉक्स आले का?’ एवढाच मेल. मला आलेला, पण सीसीमध्ये आमचे साहेब. मी ‘आले, स्टोअरला आहेत’ असं कळवलं, तर त्यावर ‘धन्यवाद’ आलं आणि तेही साहेबांना सीसी करून. चाकणच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात होते, तेव्हाची ही गोष्ट. मेल पाठवणारे उत्पादन नियोजनातले सहकारी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे होते, त्यांना मी दादा म्हणायचे. माणूस मोकळा, डब्यातली चटणी आवर्जून वाढणारा. मेलमध्ये मात्र दर वेळी साहेबांना माझ्यासमोर आणून बसवणारा.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या काळात दोन कागदांमध्ये कार्बन घालून प्रती काढत, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतीपर्यंत अक्षरं पुसट व्हायची. त्यामुळे प्रत कुणाला द्यायची याचा विचार आपोआप व्हायचा. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ असं आजही असतं, पण ते पत्र निघण्यामागे काहीतरी कारण असतं. मेलमध्ये प्रत फुकट झाली आणि कारणाची गरजच संपली.

अशा मेलनं नेमकं काय बिघडतं? केंब्रिज विद्यापीठात तेव्हा प्राध्यापक असलेले डेव्हिड डी क्रेमर यांनी २०१७ मध्ये यावर लिहिलं होतं. वरिष्ठांना नेहमी सीसी केलं जातं तेव्हा समोरच्याला आपल्यावर विश्वास नाही असं वाटतं, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. मला तर ते प्रयोगाशिवायच कळलं होतं. चार शब्दांचं उत्तर लिहायला मला दहा मिनिटं लागायला लागली, कारण वाचणारे दोघं होते.

मी आधी दोन चुका केल्या, आणि त्या बहुतेक सगळेच करतात. पहिली म्हणजे उत्तर देताना साहेबांचं नाव गुपचूप काढून टाकलं. दादांनी पुढच्याच मेलमध्ये ‘साहेबांना पुन्हा लूपमध्ये घेत आहे’ असं लिहिलं, आणि मी काहीतरी लपवत होते असं चित्र तयार झालं. दुसरी चूक जशास तसं वागण्याची. मीही त्यांच्या प्रत्येक चुकीवर साहेबांना मार्क करायला लागले. आठवडाभरात आमच्यात मेलचा पाऊस आणि बोलणं बंद.

मग एका शनिवारी मी शांतपणे गेल्या दोन आठवड्यांचे मेल काढून बसले. साहेबांना सीसी असलेले दादांचे २६ मेल होते. त्यांतल्या तीनच ठिकाणी साहेबांनी काही करणं गरजेचं होतं: एक दरवाढ मंजूर करायची होती, एका पुरवठादाराला आगाऊ रक्कम द्यायची होती आणि एकदा मालाअभावी लाइन थांबणार होती. बाकीचे २३ निव्वळ विचारपूस. हा हिशोब घेऊन भांडायला जायचं, असं मी ठरवतच होते. तेवढ्यात सहज त्यांचे आधीचे, फक्त मला पाठवलेले मेल उघडले. त्यांना मी कधी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं होतं. दोन मेल तर तसेच राहून गेले होते. साहेब सीसीत आल्यापासून मात्र मी तासाभरात उत्तर देत होते.

म्हणजे त्यांचा उपाय लागू पडत होता! जो उपाय चालतो तो सोडा म्हटलं, तर कोण सोडेल? साहेबांना काढा असं सांगायचं, तर साहेबांमुळे त्यांना जे मिळत होतं ते मी दुसऱ्या वाटेनं द्यायला हवं होतं.

हे मेलवर लिहायचं नाही, एवढं पक्कं होतं. लिहिलेलं पुढे कुणालाही पाठवता येतं, आणि सीसीबद्दलची तक्रार साहेबांना सीसी होऊन जाणं ही फजिती कुणाला हवी? कडक शब्दांच्या मेलनंतर लगेच बोलणंही टाळलं. दोन दिवस गेल्यावर, चहाच्या वेळी, इतर कुणी नसताना विषय काढला.

‘दादा, तुमच्या मेलला मी मागे फार उशिरा उत्तरं द्यायचे, परवा बघितलं तेव्हा लक्षात आलं. त्यामुळे तुमचं काम अडत होतं का?’

ते थोडे गडबडले. मग म्हणाले, ‘तुझी तक्रार करायची नसते गं मला. मागच्या कंपनीत एकदा माल आला नाही, आणि समोरचा म्हणाला, मला सांगितलंच नव्हतं. मी फोनवर सांगितलं होतं, पण लेखी काहीच नाही. सगळं माझ्यावर आलं. तेव्हापासून सवयच लागली.’

‘तुम्हाला लेखी हवं ते बरोबरच आहे. पण दर मेलवर साहेब दिसले की मला वाटतं, माझं काहीतरी चुकलंय. दुपारी बारापर्यंतच्या मेलला त्याच दिवशी पाचच्या आत तारखेसकट उत्तर देईन. ते जमलं, तर रोजच्या मेलमधून साहेबांना वगळू या का?’

‘तुमचा माझ्यावर विश्वास नाही का’ हा प्रश्न मी मुद्दाम विचारला नाही. त्याला ‘तसं काही नाही’ याशिवाय उत्तरच नसतं. साहेबांना कधी घ्यायचं तेही आम्ही तिथेच ठरवलं. पैशांची मंजुरी हवी असेल, लाइन थांबण्याची शक्यता असेल किंवा मी दिलेली तारीख चुकली, तर जरूर सीसी करायचं. मेलला उत्तर आलं नाही तर आधी फोन, मग सीसी. शिवाय दर शुक्रवारी आठवड्याचा एकच मेल साहेबांना, दोघांच्या नावानं.

हे साहेबांच्या कानावर घालायला दोघं मिळून गेलो. मी एकटी गेले असते तर ती चहाडी ठरली असती. कधी कधी ‘मला सगळ्यात ठेवा’ असं साहेबांनीच सांगितलेलं असतं, तेव्हा तर सहकाऱ्याला गळ घालून उपयोगच नाही. आमचे साहेब हसले. नुसतं सीसीमध्ये नाव असलेले मेल परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये जातील, असा नियम त्यांनी आउटलुकमध्ये केव्हाच लावून ठेवला होता. ते २६ मेल त्यांनी उघडलेच नव्हते. दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, आणि खरं सांगायचं तर माझाही.

प्रत्येक ठिकाणी हा तोडगा चालत नाही. लेखापरीक्षणासाठी किंवा सुरक्षेच्या नियमामुळे वरिष्ठांना प्रत देणं बंधनकारक असेल, तर ती बंद करायला सांगू नये. कुणी त्रास देतंय म्हणून समोरचा साक्षीदार ठेवत असेल, तर तो हक्क त्याचाच. आणि मोकळेपणानं दोनदा बोलूनही सीसी सुरूच राहिलं, त्यातही फक्त तुमच्या चुका निवडून वर जात असतील, तर तिथे सवयीचा प्रश्न उरत नाही. मग वरिष्ठांशी स्वतंत्र बोलावं लागतं.

आमच्याकडे पहिल्या महिन्यात दादांकडून चार वेळा सवयीनं साहेब सीसीत गेले. मी काही बोलले नाही, पाचच्या आत उत्तर तेवढं दिलं. मग ते थांबलं. पुढे पावसाळ्यात माझी एक गाडी घाटात अडकली, दिलेली तारीख चुकली आणि दादांनी साहेबांना सीसी केलं. तो मेल करण्याआधी त्यांनी मला फोन केला होता.