कोकेनच्या बाबतीत ‘चूक’ शून्य का होत नाही?

‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन’ असं वाक्य तुमच्या रिसर्च प्रपोजलमध्ये असेल, तर आधी ते खोडा. मीही एमएस्सीला तसंच लिहिलं होतं.

वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन न्यूरॉन्सच्या नोंदी घेतल्या. अचानक फळांचा रस मिळाला की हे न्यूरॉन भराभर फायर व्हायचे. मग दरवेळी रसाच्या आधी एक खूण दिली. माकड शिकल्यावर न्यूरॉन त्या खुणेलाच फायर होऊ लागले, रसाला नाही. खूण दिली पण रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या वेळी फायरिंग नेहमीपेक्षा खाली गेलं. रस तोच आहे, बदलली ती अपेक्षा. म्हणून १९९७ मध्ये शुल्त्झ, डायन आणि मॉन्टेग्यू यांनी मांडलं की हा सिग्नल म्हणजे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक, म्हणजेच ‘रिवॉर्ड प्रेडिक्शन एरर’.

```
δ = r − V
V ← V + αδ
```

r म्हणजे मिळालेलं बक्षीस, V म्हणजे अपेक्षा, α म्हणजे शिकण्याचा वेग. r = १० आणि α = ०.५ घेऊन कागदावर करून बघा. δ आधी १०, मग ५, मग २.५ असा उतरत जातो. V दहाजवळ स्थिरावतो आणि शिकणं थांबतं.

आता कोकेन. ते डोपामिन परत आत खेचणारा ट्रान्सपोर्टर अडवतं, त्यामुळे अपेक्षा कितीही असो, डोपामिन वाढतंच. डेव्हिड रेडिश यांनी २००४ मध्ये हा जास्तीचा वाटा D म्हणून घातला. त्याचं सोपं रूप असं:

```
δ = max(r − V + D, D)
```

D = ४ धरा. पहिला δ १४ येतो, V होतो ७. दुसरा δ ७, V १०.५. तिसऱ्या वेळी r − V उणे झालेलं असतं, तरी δ चारच्या खाली जात नाही. इथून पुढे V दरवेळी २ ने वाढतो, आणि थांबत नाही. मेंदूच्या हिशोबात प्रत्येक डोस ‘अपेक्षेपेक्षा चांगला’ ठरतो, माणसाला मजा येवो न येवो. हा फुगलेला V चिकटतो खुणेला: ती गल्ली, तो मित्र, ती पुडी. म्हणून नुसतं दिसलं तरी तलफ येते.

पण इथेच मॉडेल मान्य करून मोकळे होऊ नका. एका खुणेवरून बक्षीस आधीच कळत असेल, तर सोबत दिलेली दुसरी खूण प्राणी फारशी शिकत नाही, कारण चूकच उरलेली नसते. याला ब्लॉकिंग म्हणतात. रेडिश यांच्या गणितानुसार कोकेनमध्ये चूक कायम उरते, तेव्हा ब्लॉकिंग व्हायला नको. २००७ मध्ये पॅनलिलिओ आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर हे तपासलं, आणि ब्लॉकिंग झालं. म्हणजे ‘चूक कधीच शून्य होत नाही’ हे गृहीतक जसंच्या तसं टिकलं नाही. मॉडेल वापरायचं असेल तर D कायम स्थिर राहतो का, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.