बायोडेटाची चाळणी : भाग ५
‘हवेच’ आणि ‘असल्यास उत्तम’

मागच्या भागात आपण जाहिरातीतल्या ओळी सुट्या केल्या. आता त्यांना गुण द्यायचे. समजा, लोणावळ्यातल्या एका हॉटेलला इलेक्ट्रिशियन हवा आहे. पावसाळ्यात इथे चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वीज जाते आणि शनिवार-रविवारी खोल्या भरलेल्या असतात. जाहिरातीत आठ ओळी आहेत: वायरमन परवाना, जनरेटरचा अनुभव, पॅनलमधला बिघाड शोधता येणे, सुट्टीच्या दिवशी ड्यूटी, एसी दुरुस्ती, तलावाच्या फिल्टरची माहिती, इंग्रजी आणि दुचाकी.

प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: हे येत नसेल, तर पहिल्याच दिवशी काम अडेल का? अडत असेल तर ती ओळ ‘हवेच’. इथे पहिल्या चार ओळी तशा आहेत, उरलेल्या चार ‘असल्यास उत्तम’.

आता दोन अर्ज पाहू. पहिल्याकडे चारही आवश्यक गोष्टी आहेत, शिवाय दुचाकी. दुसऱ्याकडे परवाना नाही, बाकी सातही आहेत. सगळ्या ओळींना सारखा एकेक गुण दिला, तर पहिल्याला ५ आणि दुसऱ्याला ७. आवश्यक ओळीला ३ गुण दिले, तर दोघांनाही १३. म्हणजे तिप्पट वजनही पुरत नाही. आवश्यक ओळीला ५ गुण द्या: पहिल्याला २१, दुसऱ्याला १९. नियम सोपा आहे. एका आवश्यक ओळीचं वजन सगळ्या ऐच्छिक ओळींच्या बेरजेपेक्षा जास्त हवं. इथे ती बेरीज ४ आहे, म्हणून ५.

परवान्याची गोष्ट मात्र वेगळी. तो कायद्याने लागतो, त्यामुळे त्याची भरपाई कितीही गुणांनी होत नाही. अशा ओळीला गुण न देता ती आधीच तपासावी. परवाना असेल तरच पुढची बेरीज करावी. जनरेटरचं काम मात्र शिकवता येतं, म्हणून तिथे गुण ठीक.

एक चूक इथे हमखास होते. बायोडेटात लिहिलेलं नाही, म्हणजे येत नाही, असं धरलं जातं. मावळातला आयटीआय झालेला मुलगा सुट्टीच्या दिवशी काम करायला तयार असतो, पण ते कागदावर लिहायचं त्याला सुचतही नाही. अशा ओळीपुढे शून्य न लिहिता प्रश्नचिन्ह टाका आणि फोन करून विचारा.

यादी बरोबर आहे का, हे तपासायचा मार्गही जवळच आहे. तुमच्याकडे आज उत्तम काम करणाऱ्या माणसाला हीच यादी लावा. तो जर आवश्यक ओळींतच नापास होत असेल, तर जाहिरात छापण्याआधी यादी दुरुस्त करा.