क्षेत्रफळ नव्हे, रांगा मोजा

हिंगोलीतल्या एखाद्या घराच्या गच्चीवर सौर पॅनेल किती बसतील, हे आता घरबसल्या पाहता येते. उपग्रहाच्या चित्रावर गच्चीच्या चार कोपऱ्यांवर टिचकी मारली की संगणक क्षेत्रफळ सांगतो, आणि त्याला एका पॅनेलच्या क्षेत्रफळाने भागले की आकडा हाती येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' जाहीर झाली. तिच्यात पहिल्या 2 किलोवॉटला प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. तेव्हापासून हा भागाकार अनेक घरांत मांडला जातो. पण त्याचे उत्तर बहुधा दुपटीने जास्त येते. दोष उपग्रहाचा नसतो. आपण छताला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. पॅनेल पाण्यासारखे जागा भरत नाहीत. ते ठरावीक मापाचे, दक्षिणेकडे कललेले आयत असतात, रांगेने बसतात आणि एकमेकांवर सावली पाडतात. म्हणून चित्रावरून काढायची गोष्ट क्षेत्रफळ नसून उत्तर-दक्षिण लांबी, पूर्व-पश्चिम रुंदी आणि सावली ही आहे. या तिन्ही गोष्टी चित्रात असतात, फक्त त्या वाचाव्या लागतात.

एक नमुना गच्ची घेऊ : उत्तर-दक्षिण 12 मीटर, पूर्व-पश्चिम 9 मीटर, सपाट स्लॅब. क्षेत्रफळ 108 चौरस मीटर. बाजारात सर्रास मिळणारे 540 वॉटचे पॅनेल साधारण 2.28 मीटर लांब आणि 1.13 मीटर रुंद, म्हणजे 2.58 चौरस मीटरचे असते. भागाकार केला तर 41 पॅनेल. आता ती प्रत्यक्ष मांडू. कठड्यालगत धुण्या-पुसण्यासाठी फिरता यावे आणि कठड्याची सावली टळावी म्हणून चारही बाजूंनी 60 सेंटिमीटर सोडले, आणि पॅनेलची खालची कड स्लॅबपासून अर्धा मीटर वर धरली. उरली 10.8 बाय 7.8 मीटर जागा. रुंदीत, क्लॅम्पची फट धरून, 6 पॅनेल बसतात. लांबीत किती रांगा बसतील, हे मात्र सूर्यावर अवलंबून आहे. हिंगोली साधारण 19.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरला इथे भर माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून 47 अंशांवर असतो, पण सौर वेळेनुसार सकाळी 9 ला आणि दुपारी 3 ला तो जेमतेम साडेअठ्ठावीस अंशांवर येतो. त्या वेळी कोणत्याही वस्तूची सावली उत्तरेकडे तिच्या उंचीच्या सुमारे सव्वापट सरकते. वर्षातल्या या सर्वांत अवघड दिवशी 9 ते 3 या वेळेत मागची रांग उन्हात राहिली, तर ती वर्षभर राहील. म्हणून हीच कसोटी धरतात.

पॅनेल 15 अंशांनी कलवले तर त्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा 59 सेंटिमीटर वर जाते, आणि दोन रांगांत 73 सेंटिमीटर मोकळे ठेवावे लागतात. या हिशेबाने चार रांगांना 10.99 मीटर लागतात आणि आपल्याकडे आहेत 10.8. फक्त 19 सेंटिमीटरने चौथी रांग हुकते आणि 24 ऐवजी 18 पॅनेल उरतात. कल 10 अंशांवर आणला तर दोन रांगांतली जागा 49 सेंटिमीटर पुरते, चार रांगा 10.45 मीटरमध्ये मावतात आणि 24 चा आकडा परत येतो. कल कमी केल्याने एका पॅनेलच्या वर्षभराच्या विजेत फार थोडी घट होते, त्यामुळे छोट्या गच्चीवर हा सौदा परवडतो. त्याहून सपाट मात्र करू नये, कारण मग पावसाने धूळ नीट वाहून जात नाही. म्हणजे त्याच 108 चौरस मीटरवर 18 किंवा 24 पॅनेल बसू शकतात, आणि निर्णय होतो तो वीतभर लांबीवर.

आता ही वीतभर लांबी चित्रात दिसते का ते पाहू. 'सेंटिनेल-2' या मोफत चित्रे देणाऱ्या उपग्रहाचा एक ठिपका 10 मीटरचा असतो. आपली गच्ची त्यात एका ठिपक्याहून जेमतेम मोठी. छतासाठी अर्धा मीटर किंवा त्याहून बारीक ठिपक्याचे चित्रच लागते. पण अर्ध्या मीटरच्या चित्रातही कडा अर्ध्या ठिपक्याने, म्हणजे 25 सेंटिमीटरने, इकडे-तिकडे आखली जाणे स्वाभाविक आहे. दक्षिण आणि उत्तर अशा दोन्ही कडा बाहेरच्या बाजूला किंवा दोन्ही आतल्या बाजूला सरकल्या तर लांबीत अर्ध्या मीटरचा फरक पडतो, आणि आपली चौथी रांग तर 19 सेंटिमीटरवर अडली होती. चारही कडांना झाली तर क्षेत्रफळात हीच चूक सुमारे दहा टक्के दिसते आणि मनाला खपते. रांगांत मोजली की ती सहा पॅनेलची होते. म्हणून चित्रावरून काढलेले प्रामाणिक उत्तर '18 ते 24' असे असते, एकच आकडा नसतो. आणखी एक चूक नकाशाच्या प्रक्षेपणातून येते. वेबवरचे बहुतेक नकाशे EPSG:3857 या पद्धतीने काढलेले असतात आणि विषुववृत्तापासून दूर जावे तसे ते अंतरे ताणतात. हिंगोलीच्या अक्षांशावर लांबी सहा टक्के आणि क्षेत्रफळ तेरा टक्के फुगते. QGIS मध्ये त्या थरावर area($geometry) हे सूत्र चालवले तर 108 चे 122 चौरस मीटर होतात आणि हुकलेली चौथी रांग कागदावर आरामात बसते. पृथ्वीचा गोलावा धरणारे $area वापरले, किंवा थर EPSG:32643 मध्ये बदलून मोजले, तर ही फूग जाते.

उपग्रह नेहमी सरळ डोक्यावरून पाहत नाही. तो 20 अंश तिरका पाहत असेल तर सात मीटर उंच दुमजली घराचे छत चित्रात पायापासून अडीच मीटर सरकलेले दिसते आणि एका बाजूची भिंतही दिसू लागते. छताचे माप त्यामुळे बदलत नाही. पण आखणाऱ्याने भिंतीचा पायथा धरून रेघ ओढली तर 9 मीटर रुंदीवर बावीस-तेवीस चौरस मीटरचे नसलेले छत जमा होते. ओळख सोपी आहे : शेजारच्या सगळ्या उंच इमारती एकाच दिशेला झुकलेल्या दिसल्या, की चित्र तिरके आहे. मग रेघ फक्त कठड्याच्या माथ्यावरून न्यावी.

सर्वांत मोलाचा पुरावा असतो गच्चीवरच्या सावलीत. जिन्यावरची खोली किती उंच हे वरून दिसत नाही, पण सावलीची लांबी आणि त्या वेळचा सूर्याचा उंचीकोन माहीत असेल तर उंची निघते. त्यासाठी चित्राची तारीख पाहावी लागते. पृथ्वीची चित्रे घेणारे बहुतेक उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास जातात. त्या वेळी अडीच मीटर उंच खोलीची सावली डिसेंबरअखेर 2.8 मीटर पडते, तर मेच्या मध्यात, जेव्हा दुपारचा सूर्य हिंगोलीच्या थेट डोक्यावर येतो, ती जेमतेम एक मीटर असते. मे महिन्याचे चित्र पाहून 'इथे सावली फारशी नाही' म्हणणारा हिवाळ्यात चुकलेला असतो. आपल्या गच्चीवर वायव्य कोपऱ्यात अडीच बाय तीन मीटरची, अडीच मीटर उंच अशी खोली आहे असे धरू. 10 अंशांच्या मांडणीत ती फक्त शेवटच्या रांगेत येते. तिने व्यापलेली जागा आणि दुपारची सावली धरून तीन पॅनेल जातात, 21 उरतात. तीच खोली नैऋत्य कोपऱ्यात असती तर तिची सावली दिवसभर गच्चीवरच फिरली असती आणि पहिल्या दोन रांगा निम्म्या झाल्या असत्या. तेव्हा 18 च उरतात. क्षेत्रफळ तेच, खोली तीच, आणि फरक तीन पॅनेलचा, म्हणजे दीड किलोवॉटहून जास्त.

यावर पहिला आक्षेप असा की, इतके बारकावे कशाला? एका किलोवॉटला 10 चौरस मीटर हा प्रचलित ठोकताळा आहेच. खरे आहे. 108 चौरस मीटरला तो 10.8 किलोवॉट सांगतो आणि आपली 21 पॅनेल 11.3 किलोवॉट होतात. ठोकताळा सरासरीला बरा उतरतो, कारण तो रांगांतली मोकळी जागा आधीच धरून बनवलेला आहे. पण घर सरासरी नसते. गावठाणातली 5 बाय 7 मीटरची गच्ची घ्या. ती उत्तर-दक्षिण लांब असेल तर तीन-तीनच्या दोन रांगा, म्हणजे 6 पॅनेल, 3 किलोवॉटहून थोडे अधिक. तीच पूर्व-पश्चिम लांब असेल तर दुसरी रांग बसत नाही आणि 5 च पॅनेल राहतात. ठोकताळा दोघांनाही साडेतीन किलोवॉट सांगतो. मोठ्या बंगल्याला हा फरक जाणवणार नाही, छोट्या घराचे मात्र 3 किलोवॉटचे गणितच त्यावर उभे असते.

दुसरा आक्षेप : लोखंडी सांगाडा सात-आठ फूट उंच उभारला की कठडा, टाकी, जिना सगळे खाली राहते आणि गच्ची वाळवणालाही मोकळी होते. हा उपाय चालतो आणि तो चांगलाही आहे. मात्र रांगांची एकमेकांवरची सावली उंचीने जात नाही, ती सांगाड्याबरोबर वर जाते. शिवाय वारा उंच सांगाड्याला जास्त उचलतो, त्यामुळे लोखंड आणि पायाचा खर्च वाढतो. कठड्याची अडचण सुटते, लांबीचे गणित सुटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : 'ओपन बिल्डिंग्ज'सारख्या संचात संगणकाने आखलेल्या इमारतींच्या बाह्यरेषा दक्षिण आशियासाठीही तयार मिळतात. मग हाताने मोजायचे कशाला? त्यांचा उपयोग आहे, पण त्या बाह्यरेषाच असतात. गावठाणात भिंतीला भिंत लागून असलेली घरे अनेकदा एकच इमारत म्हणून येतात. मातीच्या माळवदाचा रंग अंगणासारखाच असतो, त्यामुळे ते कधी सुटते, तर कधी अंगणच छत ठरते. आणि बाह्यरेषा छताची जात सांगत नाही. एक पॅनेल सुमारे 28 किलोचे असते. स्लॅबला ते पेलते, पण बारीक नळ्यांवर टेकवलेल्या पत्र्याला किंवा जुन्या माळवदाला पेलेलच असे नाही. हळदीच्या बाजारपेठेतल्या गोदामांचे विस्तीर्ण पत्रे वरून सर्वांत आकर्षक दिसतात, पण खालच्या कैच्या किती जाडीच्या आहेत हे कोणताही उपग्रह सांगू शकत नाही. ते खाली उभे राहूनच तपासावे लागते.

म्हणून जिल्ह्याचा अंदाज करायचा असेल तर तयार बाह्यरेषांची बेरीज करून थांबू नये. स्लॅब, पत्रा आणि माळवद अशी वर्गवारी करावी. प्रत्येक वर्गातली काही छते औंढा नागनाथ, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि हिंगोली या पाचही तालुक्यांतून निवडून त्यांवर रांगा मांडून पाहाव्यात, त्यांतली काही टेपने मोजावीत आणि त्यातून निघालेले गुणोत्तर त्या-त्या वर्गाला लावावे. आणि एकाच घराचा प्रश्न असेल तर आधी हिवाळ्यातले चित्र शोधावे, उत्तर दिशा पक्की करावी, सावल्या आखाव्यात आणि किमान व कमाल असे दोन आकडे काढावेत. दोन्ही आकडे गरजेपेक्षा मोठे असतील तर चित्राचे काम तिथेच संपले. गरज त्या दोहोंच्या मधे पडत असेल, तर ऑर्डर देण्यापूर्वी टेप घेऊन गच्चीवर जावे आणि उत्तर-दक्षिण लांबी सेंटिमीटरपर्यंत मोजावी. उरलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या एका मापात असते.