पेमेंट ॲपला कसं कळतं की तुम्ही 'खाण्यावर' किती उडवले?

महिना संपला की ॲप रंगीत गोल दाखवतं: खाणं इतकं, किराणा इतका, 'ट्रान्सफर' इतके. पण तुम्ही तर फक्त क्यूआर स्कॅन केला होता. मग वडापाव घेतला की वही, हे ॲपला कळलं कसं?

खरं तर कळलंच नाही. काय विकत घेतलं ते यूपीआयमधून जातच नाही. ॲपकडे असतं पैसे घेणाऱ्याचं नाव, त्याचा यूपीआय आयडी, रक्कम, वेळ, आणि दुकान असेल तर चार आकडी व्यापारी कोड. दुकानदार व्यापारी म्हणून नोंदणी करतो तेव्हा त्याच्या धंद्यानुसार हा कोड ठरतो. किराणा किंवा सुपरमार्केट असेल तर 5411, हॉटेल-रेस्टॉरंट असेल तर 5812. बऱ्याच व्यापारी क्यूआरच्या आत तो `mc` या नावाने लिहिलेला असतो:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Dukan&mc=5411&cu=INR
```

कोड दुकानाचा आहे, वस्तूचा नाही. म्हणून सुपरमार्केटमधून टी-शर्ट घेतला तरी तो किराण्यातच जातो. आणि टपरीवाल्या काकांनी स्वतःचा साधा, वैयक्तिक क्यूआर लावला असेल तर असा धंद्याचा कोडच नसतो. तिथे ॲप नावावरून किंवा तुम्ही लिहिलेल्या नोटवरून अंदाज करतं, नाहीतर सरळ 'ट्रान्सफर'मध्ये टाकतं.

आता समजा, रूमवर राहणाऱ्या एका मुलाचा महिना असा गेला. घरमालकाला भाडं 4,000, मेसवाल्या काकूंच्या नंबरवर 2,800, सुपरमार्केट 1,400, मित्रांसोबत हॉटेलचं बिल 1,200, आणि स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात 2,000. ॲप सांगेल: एकूण 11,400, त्यात खाणं फक्त 1,200. आणि 'ट्रान्सफर'मध्ये भाडं, मेस आणि स्वतःचेच पैसे मिळून 8,800! हॉटेलच्या बिलातले 900 मित्रांनी परत पाठवले, पण ते 'आलेले पैसे' म्हणून वेगळे पडतात, खर्चातून वजा होत नाहीत. नीट हिशोब केला तर खाण्यावर गेले 300 अधिक मेसचे 2,800, म्हणजे 3,100. आणि खरा एकूण खर्च 8,500. (दोन्ही खाती एकाच ॲपला जोडलेली असतील तर काही ॲप्स ते 2,000 ओळखून बाजूला काढतात.)

गोलातला 'ट्रान्सफर' किंवा 'इतर'चा तुकडा सगळ्यात मोठा दिसला तर समजा, आकडा अर्धवट आहे. आधी तोच उघडा. दर महिन्याला येणारी दोन-तीन नावं, म्हणजे मेस, भाडं, टपरी, यांची कॅटेगरी हाताने बदला. काही ॲप्स हा बदल लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याच आयडीला तीच कॅटेगरी देतात. पण काकूंनी नवा क्यूआर लावला की आयडी बदलू शकतो, मग परत सांगावं लागतं.

आणि रोख दिलेले पैसे या गोलात नसतातच. दुसऱ्या ॲपवरून केलेलं पेमेंटही बहुतेक वेळा दिसत नाही.